पाठराखण प्रसंगातून सुरू करावी की पेचातून?

नव्या कादंबरीच्या मलपृष्ठासाठी पाठराखणीचे दोन मसुदे समोर असले, की निवड अवघड होते. उदाहरणादाखल एक काल्पनिक कादंबरी घेऊ. ती २४० पानांची असून तिला कोयना भूकंपाची पार्श्वभूमी आहे.

पहिला मसुदा : ‘११ डिसेंबर १९६७. पहाटे कोयनानगर हादरले आणि पुनर्वसनाची कचेरी कागदपत्रांसह ढिगाऱ्याखाली गेली. एकच नोंदवही वाचली. ती ज्याच्या हाती आहे, त्या कारकुनाला मात्र ती वाचायला नको होती.’

दुसरा मसुदा : ‘लाच घेऊन त्याने एका धरणग्रस्ताचे नाव मोबदल्याच्या यादीतून संध्याकाळी खोडले. पहाटे भूकंपात कचेरीच गेली. आता नवी यादी त्यालाच करायची आहे, आणि मदत छावणीत शेजारच्या तंबूत तोच शेतकरी राहायला आला आहे.’

पहिल्या मसुद्यातली तारीख सातारा-चिपळूणकडच्या जुन्या वाचकाला लगेच धरून ठेवते आणि ‘वाचणे’ या शब्दावरची कोटीही (मला ती जरा जास्तच आवडते) काम करते. परंतु त्यावरून ही भूकंपाची कादंबरी आहे असा समज होतो. प्रत्यक्षात भूकंप एका प्रकरणात संपणार असेल आणि उरलेले पुस्तक एका माणसाच्या अपराधभावाविषयी असेल, तर वाचक निराश होतो आणि तसे चार जणांना सांगतो. दुसरा मसुदा कादंबरीच्या गाभ्याशी प्रामाणिक आहे, कारण त्यात माणूस, त्याची चूक आणि त्याला टाळता न येणारा शेजार असे तिन्ही आहे, आणि तो काय करील हे मात्र उघडे राहते.

दुसऱ्यातला धोका ‘लाच घेऊन’ या दोन शब्दांत आहे. लाचेचा उल्लेख विसाव्या पानावर येत असेल तर ते शब्द राहू द्यावेत. पण नाव का खोडले हे लेखकाने पावणेदोनशे पानांपर्यंत राखून ठेवले असेल, तर ते आधीच सांगणे म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी ओतणे होय. साधारण पहिल्या पाव भागात, म्हणजे येथे साठाव्या पानापर्यंत, जे कळते तेवढेच पाठराखणीत यावे, असा अंदाज मी धरतो. मी दुसराच मसुदा घेईन आणि शंका असेल तर ते दोन शब्द गाळीन, कारण नाव का खोडले हे न कळल्याने पेच सैल होत नाही.

‘शेवटी बसणारा धक्का’ असे शब्द कोणत्याही मसुद्याला जोडू नयेत. धक्का आहे हे कळले, की वाचक पहिल्या पानापासून तो शोधू लागतो.

छपाईपूर्वी निवडलेला मजकूर कादंबरी न वाचलेल्या तिघांना देऊन ‘शेवटी काय होईल?’ असे विचारावे. तिघांची उत्तरे वेगवेगळी आली तर मजकूर ठीक आहे. तिघांनीही खरा शेवट सांगितला, तर शेवटचे वाक्य काढून पुन्हा विचारावे.