दोन्ही बटणांवर ‘रद्द करा’: जपानी ॲपची वर्गणी बंद करताना

योकोहामाला आल्यापासून आठ महिने मी इथले एक पाककृतींचे ॲप वापरत आहे. पाककृतींबद्दल माझी तक्रार नाही. बाजारातल्या अनोळखी भाज्यांचे काय करायचे, हे मला त्यानेच शिकवले. लिहायला बसले आहे ते सातव्या महिन्यात कार्डावरून गेलेल्या ९८० येनांमुळे, कारण वर्गणी बंद केली आहे अशी तेव्हा माझी पक्की समजूत होती.

वर्गणी मी त्यांच्या संकेतस्थळावरून भरली होती, त्यामुळे बंदही तिथूनच करायची होती. पहिल्या पानावर 利用を続ける, म्हणजे ‘वापर चालू ठेवा’, असे मोठे नारिंगी बटण आहे आणि त्याखाली बारीक करड्या अक्षरांत 解約手続きへ進む, म्हणजे ‘वर्गणी बंद करण्याच्या प्रक्रियेकडे जा’, ही खरी वाट आहे. पुढे कारणे विचारणारी प्रश्नावली येते आणि शेवटी 解約しますか？, म्हणजे ‘वर्गणी बंद करायची का?’, असे विचारणारी चौकट उघडते. तिच्यात キャンセル आणि 解約する अशी दोन बटणे आहेत. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केले, तर दोन्हींवर ‘रद्द करा’ असेच उमटले, आणि मी डावीकडचे दाबले.

解約 म्हणजे केलेला करार संपवणे. キャンセル हा मात्र इंग्रजी ‘कॅन्सल’वरून आलेला शब्द असून अशा चौकटीत त्याचा अर्थ ‘हे राहू द्या, मागे चला’ एवढाच होतो. म्हणजे मी वर्गणी नव्हे, तर ती बंद करण्याची प्रक्रियाच रद्द केली होती.

ही सरळ फसवणूक आहे असे मी आधी ठरवून टाकले होते. पण जपानी सॉफ्टवेअरमध्ये अशी चौकट सर्रास असते, हे एका सहकाऱ्याने दाखवल्यावर मी तो आरोप मागे घेतला. करड्या अक्षरांबद्दलचा राग मात्र कायम आहे, कारण तिथे भाषेची अडचण नसून नजर चुकवण्याचा हेतू उघड दिसतो. पैसे परत मागितले, तेव्हा 日割りでの返金は行いません, म्हणजे उरलेल्या दिवसांच्या हिशेबाने परतावा नाही, या अटीकडे त्यांनी बोट दाखवले. ठरावीक दिवसांत करार बिनशर्त मागे घेण्याची जपानी कायद्यातील ‘कूलिंग-ऑफ’ची सवलत ऑनलाइन खरेदीला लागू होत नसल्याने मला पुढे काही म्हणता आले नाही.

अटींच्या त्याच बारीक मजकुरात 次回更新日の前日まで असेही होते. नूतनीकरणाच्या आदल्या दिवसापर्यंत अर्ज पूर्ण झाला पाहिजे. नूतनीकरणाच्या दिवशी सकाळी केलेला चालत नाही. या वेळी मी चार दिवस आधीच 解約する दाबले, 解約手続きが完了しました, म्हणजे ‘वर्गणी बंद करण्याची प्रक्रिया पूर्ण झाली’, हे वाक्य दिसेपर्यंत पान सोडले नाही आणि त्याचे छायाचित्र ठेवले. खात्याच्या पानावर 次回更新日, म्हणजे पुढील नूतनीकरणाची तारीख, जाऊन त्या जागी ご利用期限, म्हणजे वापराची मुदत, आली, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

ज्यांनी फोनच्या ॲप स्टोअरमधून वर्गणी घेतली आहे, त्यांनी 退会 या शब्दापासून जपावे. त्याने सभासदत्व आणि खाते मिटते. स्टोअरकडून होणारी वसुली मात्र स्टोअरच्या वर्गण्यांच्या यादीत जाऊन वेगळी थांबवावी लागते. खाते आधी मिटवले, तर पैसे जात राहतात आणि पाककृती तेवढ्या बंद होतात.