रायझन 5 3600 आणि आरटीएक्स 3060 : काही महिने वापरल्यावर, कार्ड बदलायच्या आधी

पावसाळ्याच्या तोंडावर राजारामपुरीत जोडून घेतलेला हा पीसी रोज चालतोय आणि 1080पी मॉनिटरवर मी त्याच्यावर खूश आहे. खटकायची एकच गोष्ट: सायबरपंक 2077 मध्ये शहरातल्या बाजारात शिरलं की गेम अडखळायचा. दुकानदार म्हणाले, "मोठं कार्ड टाका." धाकट्या भावाचंही तेच मत. एवढे पैसे घालायच्या आधी मी रिझोल्यूशन बदलून बघितलं.

प्रत्येक फ्रेमसाठी कोण माणूस कुठे चालतोय, कुठली गाडी कुठे वळतेय हा हिशोब आधी प्रोसेसर करतो आणि काय काढायचं ते कार्डाला सांगतो. स्क्रीनवर पिक्सेल किती, याने त्याच्या कामात फारसा फरक पडत नाही. पिक्सेल रंगवायचं काम कार्डाचं. 1920×1080 मध्ये ते साधारण 20.7 लाख असतात, 1280×720 मध्ये 9.2 लाख. म्हणजे रिझोल्यूशन उतरवलं की कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं तेवढंच राहतं.

बाकी सेटिंगला हात न लावता बाजारातला एकच सेव्ह उघडून त्याच गल्लीतून चाललो. 1080पीला सरासरी 62 एफपीएस, 720पीला 64. कार्ड मोकळं झालं तरी वेग जागचा हलला नाही, म्हणजे अडलंय प्रोसेसरपाशी. मग शहराबाहेरच्या माळरानावर तेच केलं: 78 वरून थेट 112. तिथे मात्र कार्डच कमी पडत होतं. गेम एकच, पण जागेगणिक उत्तर वेगळं. म्हणून जिथे त्रास होतो तिथेच चाचणी घ्यावी.

टास्क मॅनेजरवर विसंबू नका. बाजारात माझा प्रोसेसर जेमतेम 60 टक्के दिसत होता, कारण तो आकडा बाराही थ्रेडची सरासरी आहे. गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण दमला तरी तो त्यात बुडून जातो.

चाचणीआधी V-Sync आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. नाहीतर दोन्हीकडे 60 च दिसेल आणि उगाच प्रोसेसरवर खापर फुटेल. DLSS आणि डायनॅमिक रिझोल्यूशनही बंद हवं, कारण तेव्हा गेम आतून वेगळ्याच रिझोल्यूशनवर चालतो. दोन्ही रिझोल्यूशन 16:9 चीच निवडा. आकार बदलला तर दिसणारा भाग बदलू शकतो आणि प्रोसेसरचं कामही.

मी Crowd Density एक पायरी खाली आणलं आणि बाजारात 62 चे 71 झाले. 1080पीवर या बाजारासाठी नवीन कार्ड घेऊन काही मिळालं नसतं. भावाच्या 1440पी मॉनिटरला जोडून जुन्याच सेटिंगवर बघितलं, तर त्याच गल्लीत 48 आले. तिथे कार्डच आडवं येतं. मॉनिटर बदलायचा विचार असेल तर दुकानदारांचा सल्ला बरोबर ठरतो.