शॉवरच्या प्लास्टिक पडद्यावरील गुलाबी थर आणि काळी बुरशी : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यातील आमच्या सदनिकेत आंघोळीची जागा आणि कमोड एकाच खोलीत असल्यामुळे, पाणी सर्वत्र उडू नये म्हणून आम्ही पीईव्हीए प्लास्टिकचा एक पडदा आणि धातूच्या बारा कड्या घेतल्या, त्याला आता सात-आठ महिने होत आले. या काळात संपूर्ण पावसाळा येऊन गेला आणि इमारतीला पाणी कमी पडले तेव्हा टाकीत बोअरचे जड पाणीही मिसळले गेले, त्यामुळे पडद्याची परीक्षा पुरेशी झाली असे म्हणता येईल. पाणी अडवण्याचे काम तो चोख करतो. वेष्टनावर छापलेले ‘बुरशीरोधक’ हे विशेषण मात्र कोणी फारसे मनावर घेऊ नये.

पडद्याच्या खालच्या हातभर भागावर जे दिसते त्याला घरात सरसकट ‘शेवाळ’ म्हटले जाते, परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची सफाईही वेगळी आहे. गुलाबी किंवा फिकट नारिंगी बुळबुळीत थर हा बहुधा सेराशिया मार्सेसेन्स नावाच्या जिवाणूंचा असतो. साबण, शाम्पू आणि अंगावरचे तेल यांच्या अवशेषांवर ते वाढतात. बोट फिरवले की हा थर सहज निघतो आणि ओलावा व साबण राहिला तर काही दिवसांत परत येतो. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही, तरी कॉन्टॅक्ट लेन्सची डबी न्हाणीघरात ठेवू नये, कारण हेच जिवाणू डोळ्याला संसर्ग करू शकतात. काळे ठिपके ही बुरशी होय. ते पडद्याच्या घड्यांत आणि शिवणीत धरतात, बोटाने निघत नाहीत आणि नुसत्या साबणानेही जात नाहीत. याखेरीज कड्यांच्या भोकांपाशी दिसणारा नारिंगी डाग हा पुष्कळदा गंज असतो. तो हाताला कोरडा व खरखरीत लागतो. त्यावर ब्लीच घालू नये, कारण ब्लीचने गंजाचा डाग जात नाही, उलट अधिक पक्का होतो.

सफाईत क्रमाला फार महत्त्व आहे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि वडीचा साबण यांच्या संयोगातून जी पांढुरकी, न विरघळणारी साय पडद्यावर बसते, तीच जिवाणूंचे अन्न आणि आसरा असते, शिवाय ब्लीचचा जोरही तिच्यातच खर्च होतो. म्हणून पडदा काढून जमिनीवर सपाट पसरावा, कोमट पाण्यात भांडी घासण्याचे लिक्विड घालून मऊ स्पंजने दोन्ही बाजू घासाव्यात आणि भरपूर पाण्याने धुवाव्यात. कडकडीत गरम पाणी वापरल्यास पीईव्हीए आकसते आणि तारेच्या घासणीने त्यावर ओरखडे पडून पुढची बुरशी तिथेच धरते. या पहिल्या टप्प्यातच गुलाबी थर जवळपास पूर्ण जातो.

काळ्या ठिपक्यांसाठी मात्र ब्लीच लागते. घरगुती ब्लीचमध्ये साधारण चार-पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते. त्याचा एक भाग दहा भाग गार पाण्यात मिसळून, हातमोजे घालून आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून तो स्पंजने ठिपक्यांवर लावावा आणि दहा मिनिटे वाळू देऊ नये. शिवणीसाठी कागदी रुमालाची पट्टी त्या द्रावणात भिजवून दुमडीवर चिकटवून ठेवली की द्रावण ओघळून जात नाही. माझ्या अनुभवात सर्वाधिक फरक या एका युक्तीने पडला. डाग एक-दोन मिनिटांत फिका होऊ लागला तर ती बुरशी आहे आणि बाटलीत जोर आहे असे समजावे. ब्लीच उन्हाने व उष्णतेने निकामी होते, त्यामुळे खिडकीत वर्षभर पडून राहिलेल्या बाटलीकडून अपेक्षा ठेवू नये.

एक सूचना ठळकपणे द्यायला हवी. आपल्याकडे संडास साफ करण्याच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो धोकादायक ठरतो. आम्लाने करायचे काम वेगळ्या दिवशीच करावे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो त्यात फेस छान येतो, पण दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करतात.

आता कड्यांविषयी, कारण मुळात हा लेख लिहिण्याचे कारण त्याच आहेत. आमच्या कड्यांच्या वरच्या कमानीत, दांडीवरून सहज घरंगळाव्यात म्हणून, पाच-पाच बारीक गोळ्या ओवलेल्या आहेत. पावसाळ्यात पडदा स्वच्छ धुऊन लावला तरी गुलाबी रेघ वरच्या काठाकडून पुन्हा उतरू लागली, तेव्हा एक कडी काढून उजेडात पाहिली. गोळ्यांच्या फटींत क्षार आणि साबण घट्ट बसून त्या फिरेनाशा झाल्या होत्या आणि प्रत्येक फटीत गुलाबी बुळबुळ होती. गोळ्या अडकल्यामुळे पडदा ओढायला जड जात होता, जड जात असल्यामुळे घरात तो कोणी पूर्ण पसरत नव्हते, आणि चुणीत गोळा राहिलेला पडदा दुसऱ्या दिवसापर्यंत ओलाच राहत होता. म्हणजे खालच्या बुरशीचे मूळ बऱ्याच अंशी वर, दांडीवर होते.

कड्यांना ब्लीच लावू नये. मुलामा उडतो आणि गंज धरतो. आधी लिक्विडच्या गरम पाण्यात त्या भिजवून घासाव्यात. मग एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून वीस-पंचवीस मिनिटे बुडवाव्यात. क्षार सुटताना बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की गोळ्या एकेक करून बोटाने फिरवून पाहाव्यात आणि फटींत दातांच्या मधल्या सफाईचा बारीक ब्रश फिरवावा. यापेक्षा जास्त वेळ ठेवू नये, कारण मुलामा खरचटला असेल तिथे आम्ल खालचे लोखंड खाऊ लागते. शेवटी धुऊन कापडाने कोरड्या कराव्यात. याच द्रावणाने भोकांभोवतीचा गंजाचा डागही उतरतो. दांडीही त्याच वेळी पुसून घ्यावी.

कड्या मोकळ्या झाल्यापासून आंघोळीनंतर पडदा पूर्ण पसरून ठेवला जातो आणि वडीऐवजी द्रव बॉडी वॉश वापरल्याने पांढुरकी सायही कमी धरते. आठवड्यातून एकदा खालच्या भागावर लिक्विडचा स्पंज फिरवणे पुरते. ब्लीचची वेळ क्वचितच येते. वॉशिंग मशीनमध्ये दोन टॉवेलांसोबत, कोमट पाण्यात आणि पिळण्याचा टप्पा बंद ठेवून पडदा धुता येतो, पण आमच्या पडद्याच्या दुमडीत चुंबके असल्याने मी हातानेच धुतो.

दुमडीच्या आतली बुरशी मात्र काही केल्या पूर्ण जात नाही, कारण तिथे वारा पोहोचत नाही. ब्लीचनंतर आठवड्याभरात ठिपके त्याच जागी उमटू लागले, तर दुमड कात्रीने सरळ कापून टाकावी. प्लास्टिक असल्याने धागे निघत नाहीत, फक्त चुंबकांचे वजन गेल्याने पडदा थोडा अंगाशी येतो. पुढच्या वेळी मी दुमड नसलेला पडदा आणि गोळ्या नसलेल्या साध्या स्टीलच्या कड्या घेईन.