एक रुपया आधी पाठवते म्हणणारी दुबईची ऑर्डर, आणि माझे गेलेले १० हजार

मी रत्नागिरीत राहते, तीन वर्षं झाली उकडीच्या मोदकांचा रेकॉर्डेड क्लास विकते. तीन व्हिडिओ आहेत, एक उकडीचा, एक सारणाचा आणि एक कळ्या पाडायचा, सोबत पीडीएफ, सगळं मिळून ४५० रुपये. पैसे यूपीआयवर आले की गिऱ्हाइकाच्या जीमेलला ड्राइव्हची लिंक देते. आत्तापर्यंत पुणे, इंदूर, बंगळूर सगळीकडे गेलाय क्लास, कधी कुणी फसवलं नव्हतं. या श्रावणात फसवलं, आणि ते कसं झालं ते सगळं लिहितेय कारण गणपतीच्या आधी आपल्यासारख्या घरून काम करणाऱ्या बायकांना अशाच ऑर्डरी येतात.

शनिवारी दुपारी व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ताई आम्ही दुबईला असतो, आमच्या बिल्डिंगमधल्या १४ जणींना क्लास हवाय, सगळ्यांचे मिळून मीच पैसे देते. स्वच्छ मराठी. व्हॉइस नोट पण पाठवली, मागे लहान मूल रडत होतं. म्हणाली तांदळाची पिठी इथे मिळते ती जुनी असते, उकड चिरते, तर काय करायचं. हा प्रश्न खऱ्या बाईचाच असतो असं मला वाटलं, मी दहा मिनिटं बसून उत्तर टाइप केलं. १४ चे ६,३०० झाले. ती म्हणाली मला इथून यूपीआय चालत नाही, पुण्याला भाऊ आहे तो टाकेल, तो आधी १ रुपया टाकून बघेल, नाव बरोबर येतंय का ते, आला की बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवा.

१ रुपया खरंच आला. बँकेचा मेसेज पण आला. मी स्क्रीनशॉट काढून पाठवला. माझी खरी चूक इथेच झाली आणि ती मला दोन दिवसांनी कळली. त्या स्क्रीनशॉटमध्ये माझ्या बँकेचं नाव होतं, खात्याचे शेवटचे चार आकडे होते आणि बँक कुठल्या शब्दांत मेसेज लिहिते ते सगळं होतं. त्यांना तेवढंच पाहिजे होतं, १ रुपया त्यासाठीच घातला होता.

अर्ध्या तासाने मोबाईलवर मेसेज, खात्यात १६,३०० जमा. तसेच शब्द, तेच शेवटचे चार आकडे. लगेच भावाचा फोन, आवाज घाबरलेला, ताई ६,३०० च्या जागी १६,३०० पडले हो, आईला ॲडमिट केलंय, डिपॉझिट भरायचे पैसे होते ते, १० हजार लगेच परत करा. मी म्हटलं थांबा बघते, तर म्हणाला फोन ठेवू नका, मी काउंटरवर उभा आहे. कानाला फोन, समोर गॅसवर दूध, आणि तो सारखा बोलतोय. त्या गडबडीत मी बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघितलाच नाही. त्याने दुसराच यूपीआय आयडी दिला, माझ्या ॲपवर नाव वेगळं दिसलं, विचारलं तर म्हणे मित्र आहे, तोच हॉस्पिटलला पैसे भरतोय. ५ हजार टाकले, मग परत ५ हजार. त्याआधी १४ जणींचे ईमेल आले होते त्यांना लिंक पण देऊन टाकली होती.

संध्याकाळी सातला हे घरी आले, मी सगळं सांगितलं तर म्हणाले खात्यात १६ हजार दिसतायत का. उघडलं तर तो १ रुपया आणि माझे गेलेले १० हजार, बाकी काहीच नाही. मग तो मेसेज परत उघडला. खरा १ रुपयाचा मेसेज बँकेच्या नावाच्या अक्षरांवरून आला होता, जिथे बँकेचे जुने सगळे मेसेज एकाखाली एक आहेत. १६,३०० वाला मात्र साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून, एकटाच, वेगळ्या ठिकाणी. मजकूर वाचला, कुठून आला ते बघितलं नाही. अजून एक, खऱ्या यूपीआय व्यवहाराला बारा आकडी यूटीआर नंबर असतो, तो आपल्या ॲपच्या हिस्टरीत दिसतो. पैसे आले की नाही हे फक्त तिथे किंवा बँकेच्या ॲपमध्येच कळतं, एसएमएसवर नाही आणि समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर तर अजिबात नाही.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. लागायला वेळ लागला पण लागला. त्यांनी दोन्ही व्यवहारांचे यूटीआर, वेळ, माझं खातं आणि कुठल्या आयडीला पाठवले ते विचारलं, म्हणून ते आधी कागदावर लिहून ठेवा, फोनवर शोधत बसू नका. तक्रारीचा नंबर मिळाला, बाकीचं cybercrime.gov.in वर भरलं, सोमवारी बँकेत पण लेखी दिलं. आठवड्याने कळलं की १० हजारातले ६,८०० लगेच एटीएममधून काढले होते, ३,२०० त्या खात्यात होल्ड झालेत. ते परत मिळायची अजून वाट बघतेय. मी दुपारीच, फोन ठेवल्या ठेवल्या १९३० ला केलं असतं तर कदाचित जास्त अडले असते. पुढच्या खात्यात पैसे सरकायच्या आत तक्रार जायला पाहिजे, तेवढ्यासाठी तरी लाज वाटली म्हणून रात्रभर थांबू नका.

ड्राइव्हवरून ते १४ ईमेल काढले, पण बघणाऱ्याला डाउनलोड करता येईल ही सेटिंग मी चालूच ठेवली होती, त्यामुळे व्हिडिओ गेले ते गेले. आता ती बंद केलीय. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्याला त्याने थांबवता येत नाही हे माहीत आहे, पण निदान फाइल सरळ उचलून नेता येत नाही.

बाहेरच्या देशातल्या ऑर्डरीसाठी आता पेमेंट गेटवेची लिंक घेतलीय, परदेशी कार्ड चालावं म्हणून त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागला, कमिशन पण जास्त कापतात. पण पैसे आलेत हे डॅशबोर्डवर दिसल्याशिवाय मी काही पाठवत नाही, आणि परत द्यायचे झाले तर ज्या कार्डवरून आले त्यावरच जातात, कुणाच्या मित्राला नाही. यूपीआयवर खरंच कुणाचे जास्त आले तरी मी स्वतः पाठवणार नाही, त्यांना म्हणणार तुमच्या बँकेत तक्रार टाका, मी माझ्या बँकेला कळवते. ज्याचे खरे पैसे आहेत तो एवढं थांबतो.

मागच्या आठवड्यात आमच्या ग्रुपमधल्या एकीचा फोन आला, ती फराळाचं पीडीएफ पुस्तक विकते. कतारवरून वीस पुस्तकांची ऑर्डर आहे, मराठीच बाई आहे, भाऊ आधी १ रुपया टाकतोय, मेसेजचा स्क्रीनशॉट मागतायत, पाठवू का? मी म्हटलं नको, फक्त आला म्हणून लिही. तिने तेवढंच लिहिलं. तिकडून तीन वेळा स्क्रीनशॉट मागितला, मग त्यांनीच तिचा नंबर ब्लॉक केला. तो १ रुपया अजून तिच्या खात्यात आहे.