ढाका दोन बाजूंनी: ‘बस्ती’ आधी वाचावी की ‘द शॅडो लाइन्स’?

पावसाळ्यात वाचनालयाच्या गटासाठी फाळणीवरची एकच कादंबरी निवडायची असेल, तर ही दोन नावं हमखास समोर येतात: इंतिज़ार हुसैन यांची ‘बस्ती’ (१९७९) आणि अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ (१९८८). रत्नागिरीकरांना घोष ठाऊक असतात ते थिबा राजामुळे, म्हणजे ‘द ग्लास पॅलेस’मुळे. तिथे हद्दपारी एका राजाच्या वाट्याला येते आणि गाव ओळखीचं असल्यामुळे वाचक सहज आत शिरतो. ‘द शॅडो लाइन्स’ तेवढी सोपी वाट देत नाही आणि ‘बस्ती’ तर त्याहूनही नाही. दोन्ही साधारण अडीचशे पानांच्या आसपास आहेत, तेव्हा जाडीवरून निर्णय होणार नाही.

दोन्ही कादंबऱ्यांत ढाका आहे. एकीत ते आजीचं जन्मगाव आहे, दुसरीत मावशीचं कुटुंब तिथे अडकलंय. दोन्हींकडे ढाक्याहून येणाऱ्या खबरीची वाट पाहिली जाते. त्या न मिळणाऱ्या खबरीचं लेखक काय करतो, ते पाहिलं की दोघांचा स्वभाव कळतो.

‘द शॅडो लाइन्स’मधली आजी, म्हणजे ठाम्मा, निर्वासित म्हणून कलकत्त्याला आलेली नाही. नवरा ब्रह्मदेशात रेल्वेत इंजिनिअर होता. तो गेल्यावर तिने कलकत्त्यात शाळेत नोकरी धरली आणि पुढे मुख्याध्यापिका झाली. फाळणी झाली तेव्हा ती जागची हलली नव्हती, सरहद्द तिच्या मागून आली. म्हणून तिची हानी उशिरा कळते, थेट जानेवारी १९६४ मध्ये, विमानाने ढाक्याला जायची वेळ येते तेव्हा. वरून सीमा दिसेल का, असं ती मुलाला विचारते. खंदक, नाहीतर निदान मधे मोकळी सोडलेली पट्टी? मुलगा हसतो. तिचा प्रश्न मात्र रास्त आहे: काहीच दिसत नसेल, तर एवढी माणसं मेली ती कशासाठी?

ढाक्यातल्या जिंदाबहार गल्लीतलं तिचं माहेर कोकणातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भावाभावांत बिनसलं, वाटणी झाली आणि मधोमध भिंत घातली. ती संडासातूनही गेली, भांड्याचेसुद्धा दोन भाग झाले. सातबाऱ्यावर वीस नावं आणि सामायिक पडवीवरून दिवाणी दावा पाहिलेल्या माणसाला इथे हसू येईल आणि लगेच अस्वस्थही वाटेल. भिंतीपलीकडच्या घरात सगळं उलटं असतं, असं ठाम्मा लहान बहिणीला गंमतीने सांगत असे. घोषांना देशाच्या फाळणीबद्दल जे म्हणायचंय, त्यातलं निम्मं त्या भिंतीत येऊन गेलेलं आहे. आजी पुन्हा तिथे पोचते तेव्हा घरात भारतातून आलेली मुसलमान कुटुंबं राहत असतात. नव्वदी ओलांडलेले तिचे काका तिथून हलायला तयार नसतात आणि त्यांना सांभाळतो तो खलील नावाचा सायकलरिक्षावाला.

त्या प्रवासात एक मृत्यू होतो. कोणाचा आणि कसा, ते इथे सांगत नाही, कारण कादंबरीची सगळी रचना त्यावर उभी आहे. घरातली मोठी माणसं त्याबद्दल ठाम्माच्या नातवाला, म्हणजे कादंबरी सांगणाऱ्या मुलाला, खरं सांगत नाहीत. पंधरा वर्षांनी, १९७९ मध्ये, तो मुलगा दिल्लीत संशोधन करत असतो. १९६४ ची कलकत्त्याची दंगल मित्रांपैकी कोणालाच आठवत नाही. त्यांना आठवतं ते १९६२ चं युद्ध. त्याला स्वतःला आठवते ती शाळेची बस, पाण्यात विष कालवल्याची अफवा आणि त्याच दिवशी मद्रासला इंग्लंडविरुद्ध सुरू झालेली कसोटी, ज्यात बुधी कुंदरनने १९२ धावा केल्या. तीन मूर्तीच्या ग्रंथालयात तो वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली काढतो. १० जानेवारीच्या अंकात क्रिकेट आहे, भुवनेश्वरचं काँग्रेस अधिवेशन आहे, पण कलकत्त्याच्या दंगलीचं नाव नाही. पानाच्या तळाशी खुलन्यातल्या दंगलीची छोटी बातमी तेवढी सापडते. खुलना सरहद्दीपलीकडे, पूर्व पाकिस्तानात. तिथून धागा मागे जातो तो २७ डिसेंबर १९६३ ला श्रीनगरच्या हज़रतबल दर्ग्यातून पैगंबरांचा पवित्र केस नाहीसा झाला तिथपर्यंत. मग तो नकाशावर कंपास टेकवतो, खुलना मध्य धरून श्रीनगरमधून जाणारं वर्तुळ काढतो आणि त्या वर्तुळात आशियाचा केवढा भाग येतो ते पाहत बसतो.

घोषांकडे स्मृतीवर असा पुरावा मागितला जातो. आठवणीला तारीख लागते, तारखेला कागद लागतो, आणि कागद सापडत नाही तेव्हा ती रिकामी जागाच महत्त्वाची ठरते. युद्धाची नोंद सरकार करतं, पुतळे उभारतं. दंगल मात्र चार दिवसांनी पानावरून उतरते. दंगलीत गेलेल्या माणसाच्या घरच्यांकडे शोक करायला शब्दही उरत नाहीत. हा मुद्दा इतक्या नेमकेपणाने मांडलेली दुसरी भारतीय कादंबरी सांगणं कठीण आहे.

‘बस्ती’ मात्र कागद शोधायलाच नकार देते, आणि तेही नायक इतिहासाचा प्राध्यापक असताना. ज़ाकिर लाहोरात आहे (शहराचं नाव कादंबरी घेत नाही, पण ओळखू येतं) आणि १९७१ चं युद्ध तोंडावर आलंय. बाहेर मोर्चे आणि घोषणा चालू असतात, आणि त्याच्या मनात उत्तर प्रदेशातलं त्याचं काल्पनिक गाव रूपनगर उघडत जातं. तिथे भगतजी पृथ्वी शेषाच्या फण्यावर कशी टेकली आहे ते सांगतात, घरात वडील, म्हणजे अब्बाजान, इस्लामी कथांतून सृष्टीची उत्पत्ती सांगतात आणि पोरगा दोन्ही खरं मानतो. गावात विजेचे खांब येतात आणि कित्येक दिवस तसेच पडून राहतात. मग तारा चढतात, उड्या मारणाऱ्या माकडांतली काही तारेला चिकटून मरतात आणि बाकीची गावच सोडून जातात. हा प्रसंग फाळणीच्या बराच आधी येतो आणि त्याचा अर्थ लेखक उलगडून सांगत नाही.

१९४७ चा प्रवास ‘बस्ती’त जवळजवळ नाहीच. गाड्या, प्रेतं, काफिले यांच्या अपेक्षेने पुस्तक उघडणारा शंभरेक पानांनंतर विचारतो, अजून फाळणी का येत नाही? ती येऊन गेलेली असते. हुसैनांचा रस आहे तो पुढच्या वर्षांत: सोडून आलेलं गाव दर नव्या संकटात परत कसं येतं आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं होऊन कसं येतं. युद्धाच्या डिसेंबरात ज़ाकिर डायरी लिहितो. ब्लॅकआउटच्या रात्रींच्या नोंदी लिहिता लिहिता तो १८५७ च्या दिल्लीत शिरतो, करबलाकडे वळतो, आणि वाचकाला कळेनासं होतं की आत्ता जळतंय ते शहर कोणतं. एक सरहद्द ओलांडून मिळवलेला देश २४ वर्षांत पुन्हा तुटतो. मावशीचं कुटुंब ढाक्यात, १६ डिसेंबरनंतर त्यांची खबर नाही. त्या घरातली एकटी साबिरा भारतात राहिलेली, दिल्लीला आकाशवाणीत नोकरीला. ज़ाकिरचं तिच्यावर लहानपणापासून मन. पत्र लिहायला हवं, असं तो शेवटाला म्हणतो, तिच्या भांगात चांदी उतरायच्या आधी.

अब्बाजान मरणाआधी मुलाच्या हातात रूपनगरच्या घराच्या किल्ल्या देतात. त्या घरावर आता आपला हक्क नाही, हे ते स्वतःच बोलून दाखवतात, आणि तरीही किल्ल्या देतात. अम्मीचा त्याआधी किती जीव गेलाय त्या किल्ल्यांपायी! घोषांनी हा प्रसंग लिहिला असता तर त्या घरात आज कोण राहतं, याचा शोध सुरू झाला असता. हुसैनांकडे किल्ल्या नुसत्या खिशात राहतात.

अडचणी दोन्हींत आहेत. ‘द शॅडो लाइन्स’चा पहिला भाग लंडन १९३९-४०, कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात एकाच परिच्छेदात ये-जा करतो. तिसाव्या-चाळिसाव्या पानाला पुस्तक खाली ठेवलं जातं ते बहुतेक यामुळेच. उपाय साधा: मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने पाच वर्षं लिहून ठेवा, १९३९, १९४७, १९६४, १९७९, १९८१, आणि प्रत्येक प्रसंग त्यांतल्या एकाला लावा. दुसऱ्या भागात याची गरज उरत नाही. तिची खरी उणीव वेगळी आहे. नजर पूर्णपणे कलकत्त्याच्या भद्रलोकांची आहे. खलील आणि त्या घरातली निर्वासित कुटुंबं कडेलाच राहतात, त्यांनी काय सोडलं ते आपण विचारतो आणि कादंबरी पुढे जाते.

‘बस्ती’त वाचक अडतो तो शीराज़ नावाच्या कॅफेत. मित्र बसतात, चहा पितात, क्रांतीवर भांडतात, आणि पानं पुढे सरकत नाहीत. इथे वेग वाढवायला हरकत नाही. डायरीचा भाग मात्र सावकाश वाचावा. करबलाची कथा माहीत नसेल तर आधी कोणाकडून ऐकून घ्यावी. खाडीकाठच्या गावांतून ती सांगणारं कोणी ना कोणी भेटतं, आणि फाळणीनंतर कराचीला गेलेल्या नातेवाइकांची घरंही तिथे आहेत. अशा घरातलं कोणी गटात असेल तर ‘बस्ती’वरची चर्चा वेगळीच होईल. तिच्यावरचा माझा आक्षेप मोठा आहे: ढाका पडल्याचं दुःख पानोपानी आहे, पण त्याआधीच्या नऊ महिन्यांत बंगाल्यांनी जे सोसलं त्याला जागा जवळपास नाही. आपल्याकडे १९७१ म्हणजे विजय, त्यामुळे भारतीय वाचकाला ही फट पटकन दिसते. तेच पलीकडून पाहिलं तर पराभवाचा शोक इतका आतून लिहिलेला इथे क्वचितच वाचायला मिळतो.

भाषेचा प्रश्नही आहे. ‘द शॅडो लाइन्स’ मुळात इंग्रजी आणि वाक्यं सोपी. ‘बस्ती’ उर्दू, हिंदीत वाचता येते, पण शब्दकोश जवळ लागतो. ज्यांना ते जड जाईल त्यांनी फ्रान्सेस प्रिचेट यांचा इंग्रजी अनुवाद घ्यावा.

गटासाठी मी ‘द शॅडो लाइन्स’ सुचवीन. तिच्यात वाद घालायला धरून ठेवण्यासारखं बरंच आहे: तारखा, नकाशा, आणि १९६५ च्या युद्धनिधीत सोन्याची साखळी देऊन टाकणारी आजी. तिची बाजू घेणारे आणि तिच्यावर चिडणारे प्रत्येक गटात निघतात. चार बैठका पुरतात, फक्त शेवटची बैठक सगळ्यांचं पूर्ण वाचून झाल्याशिवाय ठेवू नका, नाहीतर तो मृत्यू कोणीतरी आधीच फोडतो. ‘बस्ती’ एकट्याने वाचायची आहे, आणि दोन्ही वाचणार असाल तर नंतर. हुसैन पुराव्याशिवाय किती धाडस करतात, ते आधी घोषांचं वर्तुळ पाहिलेल्यालाच नीट कळतं. एकट्याने एकच वाचायची असेल आणि घर सोडून आलेलं माणूस घरात असेल, तर मात्र हा क्रम विसरून ‘बस्ती’च उचला.