दहा मिनिटांच्या डेमोला मी भुललो

तीन खोल्यांत एकच गाणं एकाच वेळी वाजावं, एवढीच माझी मागणी होती. सिस्टिम बसवणाऱ्याने प्रत्येक खोलीत एक छोटा डबा लावला, मोबाइलवर अ‍ॅप दिलं आणि पाच-सहा गाणी वाजवून दाखवली. दारात उभं राहून ऐकलं, कुठेच प्रतिध्वनी नाही. पैसे चुकते केले. प्रत्येक गाणं तो स्वतः नव्याने सुरू करत होता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

दोन दिवसांनी दीड तासाचं सलग रेकॉर्डिंग लावलं. अर्ध्या तासात आवाज जाडसर वाटायला लागला आणि तासाभराने प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायला लागला. फोन केला तर म्हणाला, "साहेब, तुमचा वायफाय कमजोर आहे." मी मुकाट्याने त्याच्याकडूनच नवा राउटर घेतला. फरक शून्य.

मग मीच मोजायला बसलो. ठरावीक अंतराने टक् वाजणारी लांबलचक फाइल लावली आणि दोन खोल्यांमधल्या दारात, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं. अंतर सारखंच हवं, कारण आवाजाला 34 सेंटिमीटर जायला साधारण 1 मिलिसेकंद लागतो. संगणकावर लहरी पाहिल्या, तर दोन टक्‌मधलं अंतर सुरुवातीला 8 मिलिसेकंद, अर्ध्या तासाने 60 आणि तासाने 112.

वाढ अगदी सरळ रेषेत! दोष वायफायचा असता तर आवाज तुटला असता, अंतर वेडंवाकडं उडालं असतं. इथे मात्र प्रत्येक डबा आपापल्या घड्याळाने चालत होता. हे घड्याळ चालवणाऱ्या क्रिस्टलच्या वेगात दोन डब्यांमध्ये दहा लाखांत 29 इतका फरक असला, तरी तासाला 104 मिलिसेकंद साचतात. अ‍ॅप सगळ्यांना फक्त 'सुरू' म्हणायचं, पुढे ज्याचा तो. नवं गाणं लावलं की हिशेब पुन्हा शून्यावर, म्हणून डेमो निर्दोष. अ‍ॅपमध्ये त्याने प्रत्येक डब्याला ठरावीक विलंबही देऊन ठेवला होता. म्हणजे डबे आपोआप जुळत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. राउटर विकला तो वर आणखी!

आकडे पाठवल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

आता रास्पबेरी पाय नावाच्या तीन छोट्या संगणकांवर स्नॅपकास्ट हे अनेक खोल्यांत एकाच वेळी आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर चालवतो. त्यात सर्व्हर आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारतो. खोलीतला क्लायंट सर्व्हरच्या घड्याळाशी ताळा करत राहतो आणि मागेपुढे झाला तर एखादा सॅम्पल, म्हणजे आवाजाचा एक सूक्ष्म नमुना, गाळतो किंवा वाढवतो. सेकंदाला 44,100 सॅम्पल असतात, त्यातला एखादा गेलेला कानाला कळत नाही. तीच फाइल, तेच दार, दोन तासांनंतरही दोन टक् एकमेकांवरच.

तुम्ही डेमो बघाल तेव्हा एकच सलग फाइल तासभर चालू द्या आणि मधे अ‍ॅपला कुणालाही हात लावू देऊ नका. माझा तो राउटर अजून खोक्यात पडून आहे.