क्लोझापिन ४०० वरून २७५ : सिगारेट सोडल्यानंतरचे अकरा महिने

क्लोझापिन मी सव्वादोन वर्षांपासून घेतोय. आजार स्किझोफ्रेनिया. आधीची दोन औषधं पुरेसा वेळ देऊनही लागू पडली नाहीत, म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. गोळीबद्दल आधी थोडक्यात सांगतो. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागलं, कारण काही जणांच्या पांढऱ्या पेशी हिच्यामुळे घटतात. वजन सहा किलोने वाढलं. पण कानातले आवाज चौथ्या महिन्यात विरळ झाले आणि आठव्या महिन्यात मी सांगलीतल्या एका प्रेसमध्ये कामाला लागलो. त्यामुळे माझ्यापुरतं हे औषध चांगलं आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आज लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. या गोळीचा आणि सिगारेटच्या धुराचा जो संबंध आहे, तो मला कुणीतरी आधी सांगायला हवा होता.

तेव्हा माझा डोस ४०० मिलिग्रॅम होता, सकाळी १०० आणि रात्री ३००. सिगारेटी दिवसाला सतरा-अठरा. औषधाची रक्तातली पातळी त्या वर्षी एकदा तपासली होती, ३८० आली होती. हा आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतो. साधारण ३५० च्या वर औषध नीट काम करतं असं धरतात, आणि ६०० च्या पुढे गेलं की डॉक्टर सावध होतात, कारण पातळी चढते तशी झटके यायची भीती वाढते. म्हणजे मी अगदी बेताच्या जागी होतो. डॉक्टर म्हणाले, छान चाललंय, हाच डोस ठेवू.

गेल्या वर्षी मे महिन्यात पुतणी झाली. बाळाला धुराचा वास नको म्हणून मी सिगारेट सोडायचं ठरवलं. व्यसनमुक्तीच्या एका समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी निकोटिनचं च्युइंगम दिलं, दोन मिलिग्रॅमचं, आणि बाकी सगळं मनापासून समजावलं. फक्त मी कुठली औषधं घेतो हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सिगारेटचा आणि डोक्याच्या गोळ्यांचा संबंध असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी झोप वाढली. मला वाटलं, सिगारेट सुटली की असं होत असणार. पाचव्या दिवशी सकाळी उशी एवढी ओली होती की वहिनींनी विचारलं, "भाऊजी, रात्री पाणी सांडलं का?" ती लाळ होती. क्लोझापिनने लाळ सुटतेच, पण अशी कधी सुटली नव्हती. पोट चार दिवस साफ नव्हतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तरी मी कामावर जात होतो.

आठव्या दिवशी पेपर कटिंगला उभा होतो. कागदाची थप्पी पट्टीला लावून सरळ करत असताना उजवा हात एकदम उडाला. कुणी कोपराला धक्का मारावा तसा, माझ्या मनात नसताना. थप्पी विस्कटली. पातं वर होतं आणि यंत्र बंद होतं, म्हणून काही झालं नाही. मी हात मागे घेतला तेव्हा बोटं पुन्हा दोनदा उडाली. मालकांना सांगून घरी आलो आणि वहिनींनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सिगारेट सोडली का त्यांनी?"

यामागचं कारण त्यांनी नंतर दवाखान्यात नीट सांगितलं. मला जसं समजलं तसं लिहितो.

आपल्या यकृतात औषधं मोडून बाहेर टाकणारी बरीच एंझाइम्स असतात. क्लोझापिन मुख्यतः त्यातल्या एकाकडे जातं, त्याचं नाव सीवायपी१ए२. तंबाखू जळताना धुरात पॉलीसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची रसायनं तयार होतात. ती यकृताच्या पेशीत पोचली की पेशीला हे एंझाइम जास्त बनवायचा हुकूम मिळतो, म्हणजे ती त्या धुराचा निपटारा करायला माणसं वाढवते. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात हमाल वाढतात ना, तसंच. हमाल आले हळदीसाठी, पण समोर दुसरं पोतं दिसलं तर तेही उचलणार. माझं क्लोझापिन ते दुसरं पोतं होतं. चारशेची गोळी घेऊनही रक्तात ३८० च राहत होतं, कारण वाढलेले हमाल ते भराभर हलवत होते.

सिगारेट बंद झाली की हंगाम संपतो. जास्तीचं एंझाइम बनणं थांबतं आणि आधी वाढलेलं मोडत जातं. धुरामुळे वाढलेली ही ताकद साधारण ३९ तासांत निम्मी होते असं मोजलेलं आहे. म्हणजे दीड दिवसात अर्धी, सव्वातीन दिवसांत पाव, पाच दिवसांत जेमतेम आठवा हिस्सा. माझी लाळ पाचव्या दिवशी का वाढली आणि हात आठव्या दिवशी का उडाला, हे या हिशेबात बसतं. मी एक गोळीही जास्त घेतली नव्हती. गोळी तीच होती, फक्त ती हलवणारे हमाल निघून गेले होते.

आणि च्युइंगमचं काय? मला वाटायचं, निकोटिन तर पोटात जातंय, मग शरीराला सिगारेट सुटल्याचं कळणार कसं? पण या कामात निकोटिनचा हात नाही. काम करतो तो धूर. म्हणून च्युइंगम किंवा पॅच चालू असला तरी औषधाची पातळी चढतेच. हेच उलटं बघायचं तर आमचे मामा तंबाखू-चुना मळून खातात, त्याने हे एंझाइम असं वाढत नाही, कारण तिथे काही जळत नाही. (तोंडाचं जे होतं ते होतंच, तो विषय वेगळा.) बिडीचं मात्र सिगारेटसारखंच.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला सांगितलं. वेळ महत्त्वाची असते. रात्रीची गोळी नऊला घेतली तर सकाळी नऊला, बारा तासांनी, आणि सकाळची गोळी घेण्याआधी. गोळी घेऊन गेलात तर आकडा फसवा येतो. नमुना मुंबईला गेला, रिपोर्टला चार दिवस लागले. डॉक्टर मात्र थांबले नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी डोस ४०० वरून ३०० केला, पोटासाठी औषध दिलं, आणि पातं असलेल्या यंत्रापाशी जायला बंदी केली. पोट आणखी एक दिवस साफ झालं नाही किंवा फुगलं, उलटी झाली तर थेट इस्पितळात या, असं वहिनींना बजावलं. क्लोझापिनने आतडी मंदावतात आणि ते जिवावर बेतू शकतं, हे मला तोवर एवढ्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट आला : ६९०. डोस तोच चारशेचा, आणि पातळी जवळजवळ १.८ पट. पुढचे आकडेही सांगतो. ३०० वर दोन आठवड्यांनी ५०५ आली. हात उडणं तोवर थांबलं होतं, पण लाळ आणि सकाळची गुंगी होती, म्हणून २७५ केला. त्यावर ४६५. आज अकरा महिन्यांनी तोच डोस चालू आहे आणि आवाज नाहीत. हे आकडे माझे आहेत. दुसऱ्याची पातळी कमी चढेल किंवा जास्त चढेल, म्हणून मी केलं तेवढंच कमी करू नका, आणि स्वतःच्या मनाने तर करूच नका. नीट करायचं तर सिगारेट सोडायच्या आधीच एक पातळी काढतात, सोडल्यावर पहिल्या आठवड्यात डोस टप्प्याटप्प्याने साधारण चौथ्या हिश्शाने खाली आणतात आणि मग पुन्हा तपासतात. माझ्याकडे आधीचे ३८० नशिबाने फाइलमध्ये होते. ते नसते तर ६९० कुठून आले हे ताडणं अवघड गेलं असतं.

कॉफीचंही सांगायला हवं. त्या आठवड्यात छाती धडधडायची, हात थरथरायचे, आणि मी ते सिगारेटच्या तलफेवर ढकललं. मी दिवसाला पाच कप कॉफी पीत होतो. कॅफिनही याच एंझाइमकडून मोडलं जातं. सिगारेट सुटल्यावर तेच पाच कप रक्तात जास्त वेळ रेंगाळत होते, आणि वर क्लोझापिनच्या वाटेत गर्दी करत होते. डॉक्टरांनी दोन कपांवर आणायला सांगितलं. एकदम शून्य नको म्हणाले, कारण मग पातळी उलट्या बाजूला घसरते आणि नेमकं काय कशाने झालं ते कळत नाही.

दिवाळीत मी पुन्हा ओढली. मित्राच्या गावी नऊ दिवस होतो, रोज दहा-अकरा. मला वाटलं, पूर्वीपेक्षा कमीच आहेत की. पण दिवसाला सात ते बारा सिगारेटीही हे एंझाइम पुरतं वाढवायला पुरेशा असतात असं अभ्यासात दिसलेलं आहे. आठव्या रात्री पंख्याच्या आवाजात माझं नाव ऐकू आलं. मी उठून पंखा बंद केला, तरी ऐकू आलं. सकाळी डॉक्टरांना फोन केला आणि खरं सांगितलं. रक्ताचा आकडा २५५ आला. ते रागावले नाहीत. "आता ओढणार आहात की बंद करणार, तेवढं मला नक्की सांगा. दोन्हीचा डोस वेगळा आहे," एवढंच म्हणाले. मी बंद करतो म्हणालो. त्यांनी २७५ च ठेवला, आठवडाभर रोज संध्याकाळी वहिनींकडून फोन घेतला. सहाव्या दिवसानंतर नाव ऐकू आलं नाही.

हे सगळ्याच औषधांना लागू नाही. माझ्याबरोबर ओपीडीत येणारा एक जण रिस्पेरिडोन घेतो, त्याने सिगारेट सोडली तर गोळीत काहीच बदलावं लागलं नाही, कारण त्याची गोळी दुसऱ्या वाटेने जाते. ओलॅन्झापिन मात्र बऱ्याच अंशी क्लोझापिनच्याच वाटेवर आहे, आणि दम्यासाठी देतात ते थिओफायलिनही. घरात कुणी यातलं काही घेत असेल आणि सिगारेट-बिडी सोडत असेल, किंवा धूम्रपानबंदी असलेल्या इस्पितळात आठ दिवस भरती होत असेल, तर ते औषध लिहून देणाऱ्याला आधी कळवा. भरतीत सिगारेट आपोआप सुटते आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होते. दोन्ही वेळा पातळी हलते.

वहिनींनी आता माझ्या गोळ्यांच्या डबीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय : क्लोझापिन २७५, सिगारेट बंद, कॉफी दोन कप, शेवटची पातळी आणि तारीख. खाली लाल पेनने, सिप्रोफ्लॉक्सासिन विचारल्याशिवाय नाही. ते अँटिबायोटिक हेच एंझाइम अडवतं. फेब्रुवारीत जुलाब झाले तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी नेमकं तेच लिहायला घेतलं होतं. मी डबी उघडून झाकण त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी कागद वाचला, चिठ्ठीवरचं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.